वकिलांची पहिली भेट: ऑफिसमधल्या छळाच्या तक्रारीआधी काय न्यावं, काय विचारावं?

गोदाकाठ – १२ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी परचेसला आहे. दोनेकशे माणसं असतील. गेल्या ऑगस्टपासून आमच्या विभागप्रमुखांचा त्रास सुरू झाला. आधी कपड्यांवरून बोलणं, मग केबिनमध्ये बोलावून खांद्यावर हात. सप्टेंबरात सप्लायरच्या कामासाठी आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो, तिथे रात्री 'खोलीत ये' असे मेसेज आले. दिवाळीच्या पार्टीत फोटो काढताना कमरेला हात घातला. ऑक्टोबरच्या शेवटी एक लांबलचक मेसेज आला, त्याला मी 'सर, असे मेसेज मला पाठवू नका' एवढंच उत्तर दिलं. तेव्हापासून मेसेज बंद आहेत, पण डिसेंबरात मला स्टोअर्सला टाकलं.

शनिवारी, १७ तारखेला एका वकीलबाईंनी अर्ध्या तासाची वेळ दिली आहे. माझ्याकडे फोनमधले स्क्रीनशॉट आहेत आणि बदलीचं पत्र आहे, बाकी सगळं डोक्यात. घरी फक्त धाकट्या बहिणीला माहीत आहे. अर्ध्या तासात हे सगळं सांगायचं कसं? कागद कोणते न्यायचे, विचारायचं काय, बहिणीला सोबत न्यावं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

---

प्रभाकर_देव – १२ जानेवारी, रात्री १०:१५

तीसेक वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. नेमणूकपत्र, कंपनीची पॉश म्हणजे लैंगिक छळ प्रतिबंधाची पॉलिसी, गेल्या दोन-तीन वर्षांची अप्रेझल पत्रं आणि बदलीचं पत्र हे न्याच. अप्रेझल सगळ्यात महत्त्वाचं. एप्रिलमध्ये 'उत्तम' शेरा आणि डिसेंबरात 'कामात लक्ष नाही' म्हणून बदली, हा फरक कागदच बोलतो.

मुदतीची काळजी करू नका. कायद्यात तीन महिने आहेत, पण बदली हा त्याच छळाचा पुढचा भाग आहे, त्यामुळे तीन महिने बदलीच्या तारखेपासून मोजायचे. मार्चपर्यंत वेळ आहे. आणि वकील असा निवडा जो तक्रारीची चौकशी करणाऱ्या कंपनीच्या समितीपुढे तुमच्या बाजूने उभा राहून बोलेल. वकील सोबत आला की कंपनी वचकते.

---

मुक्ता_वकील – १२ जानेवारी, रात्री ११:०५

गोदाकाठ, आधी एक विचारते, बाकीचं नंतर. तो शेवटचा लांबलचक मेसेज नेमका किती तारखेचा? आणि बदलीचं पत्र किती तारखेचं?

प्रभाकरकाका, अप्रेझलबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. पण मुदतीवर आणि समितीपुढे वकील नेण्यावर मला उद्या सविस्तर लिहावं लागेल, कारण या दोन्ही गोष्टींवर तिची शनिवारची भेट अवलंबून आहे.

---

गोदाकाठ – १२ जानेवारी, रात्री ११:२०

मेसेज २९ ऑक्टोबरचा. बदलीचं पत्र २२ डिसेंबरचं.

---

राहुल_ठाणे – १३ जानेवारी, सकाळी ८:१०

माझाही असाच प्रकार चालू आहे. आमचा मॅनेजर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ओरडतो, 'तुला घरी बसवतो' म्हणतो, रविवारी फोन करतो. मी पण पॉशखाली तक्रार करू शकतो का? वकिलाला किती पैसे लागतील?

---

मुक्ता_वकील – १३ जानेवारी, दुपारी १:३०

कोर्टातून जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. मी काही वर्षं एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य होते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

मुदत. २०१३ च्या पॉश कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. तुमची शेवटची स्पष्ट लैंगिक घटना २९ ऑक्टोबरची. म्हणजे तारीख येते २९ जानेवारी २०२६. शनिवारच्या भेटीनंतर तुमच्या हातात बाराच दिवस उरतात. बदलीपासून मोजू असं धरून बसलात तर धोका आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात हाच प्रश्न पाहिला. तिथे शेवटची घटना एप्रिल २०२३ ची होती, नंतर त्या बाईंना एका पदावरून दूर केलं गेलं, आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची. पदावरून काढणं हा प्रशासकीय निर्णय आहे, आधीच्या लैंगिक छळाचा पुढचा भाग नाही, असं धरलं गेलं आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमची बदली त्यापेक्षा वेगळी आहे असं म्हणता येईलही, विशेषतः एखाद्या मेसेजमध्ये 'नाही म्हणालीस तर बघून घेईन' असा सूर असेल तर. पण ज्या वादात हरू शकतो त्यावर मुदत टांगू नये.

समितीला आणखी तीन महिने वाढवून देण्याचा अधिकार आहे. त्यासाठी तुम्हाला आधी का येता आलं नाही, हे त्यांना पटायला हवं आणि त्यांनी कारणं लिहून ठेवायला हवीत. तो अधिकार त्यांचा, तुमचा हक्क नव्हे.

दुसरं. या कायद्याच्या २०१३ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की समितीपुढच्या कामकाजात कुठल्याही टप्प्यावर कोणत्याही पक्षाला वकील उभा करता येत नाही. समोरच्यालाही नाही. म्हणजे शनिवारी भेटणाऱ्या बाई खोलीत तुमच्या शेजारी बसणार नाहीत. तिथे तुम्ही एकट्या बोलणार. म्हणून ती भेट 'माझी केस तुम्ही लढा' एवढ्यासाठी वापरू नका. 'मला एकटीने बोलायचं आहे, त्यासाठी मला तयार करा' असं सांगा. कागद कोणते न्यायचे तेही त्यावरूनच ठरतं. ते संध्याकाळी लिहिते.

राहुल, मॅनेजरचं ओरडणं लैंगिक स्वरूपाचं नसेल तर हा कायदा लागू होत नाही. शिवाय या कायद्याखाली तक्रार करण्याचा हक्क बाईलाच आहे. तुमचा रस्ता वेगळा, आणि तुमच्या कामाचं स्वरूप काय यावर तो ठरेल. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

प्रभाकर_देव – १३ जानेवारी, दुपारी ३:००

वकिलाच्या मुद्द्यावर माझी माहिती जुन्या खातेनिहाय चौकशांवरची होती, ती इथे लागू नाही हे मान्य. मुदतीवर मात्र मला अजून वाटतं की छळाला नकार दिला म्हणून झालेली बदली ही त्याच साखळीची कडी आहे. कायद्यातच नोकरीबाबत धमकी देणं किंवा कामात अडथळा आणणं हे छळाच्या परिस्थितीत मोजलेलं आहे.

---

मुक्ता_वकील – १३ जानेवारी, दुपारी ३:२०

काका, तो युक्तिवाद तक्रारीत घालायचाच आहे. फक्त तक्रार २९ जानेवारीच्या आत द्यायची, म्हणजे तो जिंकला काय आणि हरला काय, मुदतीला धक्का नाही.

---

चैत्रपालवी – १३ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

गोदाकाठ, कंपनीचं नाव इथे टाका ना. बाकीच्या मुली सावध होतील.

---

मनस्वी_पुणे – १३ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

चैत्रपालवी, नको. तक्रार झाल्यावर तक्रारदार, आरोप झालेला माणूस, साक्षीदार आणि चौकशीतला मजकूर गुप्त ठेवण्याचं बंधन याच कायद्यात आहे. आधीच नाव बाहेर गेलं तर समोरचा पहिल्याच दिवशी 'बदनामीसाठी केलंय' म्हणून उभा राहील.

पुण्यात मी स्वतः या चौकशीतून गेले आहे. माझ्या वकिलांनी पहिल्या भेटीत मला 'काय झालं' असं विचारलंच नाही. 'कागदावर लिहून आणलंय का' असं विचारलं. मी चार पानं भावना लिहून नेल्या होत्या. त्यांनी त्या शांतपणे बाजूला ठेवल्या आणि कोरा कागद पुढे केला: तारीख, जागा, काय झालं, शब्द काय होते, आसपास कोण होतं, त्या दिवशी कोणाला सांगितलं, पुरावा कुठे आहे. त्या एका पानावर पुढचे सगळे महिने काढले. गोदाकाठ, ते पान शनिवारच्या आधी घरी बसून करा. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर चुकूनही करू नका, त्यावर कंपनीचा हक्क आहे आणि आयटीवाल्यांना सगळं दिसतं.

आणखी एक. आमच्याकडच्या एका मुलीने पुरावा म्हणून ऑफिसचे पन्नासेक ईमेल स्वतःच्या जीमेलवर पाठवले. त्यात ग्राहकांचे दरही होते. कंपनीने तिच्यावरच गोपनीयता मोडल्याची नोटीस काढली आणि मूळ तक्रार बाजूला पडली. ईमेल असतील तर तारीख, वेळ, विषय आणि पाठवणाऱ्याचं नाव टिपून न्या. बाहेर काढायचे का आणि कसे, ते वकिलांना विचारून.

---

मुक्ता_वकील – १३ जानेवारी, रात्री ९:५०

मनस्वीच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन. समितीला कागद मागवण्याचे आणि साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. ज्या गोष्टी कंपनीच्या ताब्यात आहेत त्या तुम्ही चोरून आणायच्या नाहीत, 'हे मागवा' असं तक्रारीत लिहायचं. पार्टी कंपनीच्या आवारात झाली असेल तर सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही आठवड्यांत त्यावरच नवीन चढून पुसलं जातं, कदाचित आत्तापर्यंत गेलंही असेल. तरी 'जतन करा' असं लेखी मागा. मागूनही दिलं नाही, हेही नोंदीवर येतं.

आता ते तारखांचं पान. तुम्ही जेवढं सांगितलंत त्यावरून नमुना करून दाखवते. रिकाम्या जागा तुम्ही भरा.

ऑगस्ट २०२५, नक्की तारीख आठवत नाही, गणपतीच्या आधीचा आठवडा: केबिनमध्ये खांद्यावर हात. दार बंद होतं का? बाहेर कोण बसतं? तारीख आठवत नसेल तर ओढूनताणून लिहू नका. 'गणपतीच्या आधी, महिनाअखेरीची बिलं चालू होती तेव्हा' असं लिहा. चुकीची नक्की तारीख उलटतपासणीत मोडते, खरी अंदाजे तारीख मोडत नाही.

सप्टेंबर, छत्रपती संभाजीनगर: हॉटेलचं नाव, दोघांच्या खोल्या कोणत्या मजल्यावर, मेसेज किती वाजताचे. पुरावा: मेसेज, प्रवासखर्चाचा क्लेम, हॉटेलचं बिल. त्या रात्री दोघं त्याच हॉटेलात होतात हे क्लेमवरून सिद्ध होतं, आणि तो कागद समोरच्यानेच सही करून मंजूर केलेला असतो.

१७ ऑक्टोबर (पार्टी शुक्रवारची होती असं धरते): कमरेला हात. फोटो कोणी काढला? तो फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे? शेजारी कोण उभं होतं?

२९ ऑक्टोबर: लांब मेसेज आणि तुमचं उत्तर. हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद. नकार स्पष्ट आहे, सभ्य आहे, लेखी आहे.

२२ डिसेंबर: बदलीपत्र. त्यावर सही कोणाची? कारण काय लिहिलंय? तुमच्या जागी कोण आलं?

प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न विचारा: 'त्या दिवशी मी कोणाला सांगितलं?' सप्टेंबरच्या त्या रात्री बहिणीला मेसेज केला असेल तर तो मेसेज सोन्याहून मोलाचा. तेव्हाच, ताजं सांगितलेलं, हे समितीला सहज पटतं.

आणि आता बहिणीबद्दल. तिला तुम्ही तेव्हा सांगितलं असेल तर ती साक्षीदार आहे. तिला सोबत न्या, पण वकिलांच्या खोलीत बोलणं चालू असताना बाहेर बसू द्या. हे पानही तिला वाचायला देऊ नका. उद्या तिने जे सांगायचं ते तिच्या आठवणीतलं असावं, तुमच्या पानातलं नाही. दोघींच्या तोंडी तीच वाक्यं आली की समोरचा 'पढवलेली साक्ष' म्हणतो.

---

गोदाकाठ – १४ जानेवारी, रात्री १०:३०

आज संक्रांतीची सुट्टी टाकून पान लिहायला बसले. तुमच्या प्रश्नांमुळे आठवलं की संभाजीनगरहून मी बहिणीला रात्री पावणेबाराला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, 'दार आतून लावून बसलेय' असं. ते तिच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे.

पण एक अडचण आहे. सुरुवातीच्या काही मेसेजना मी हसण्याचे इमोजी पाठवले आहेत. एकदा 'थँक यू सर' पण म्हटलंय. ते स्क्रीनशॉट नेले नाहीत तर चालेल का? बाई मलाच दोष देतील अशी भीती वाटते.

---

मुक्ता_वकील – १४ जानेवारी, रात्री ११:००

तेच आधी दाखवा. समोरच्याच्या फोनमध्ये ते आहेतच, आणि तो तेच पहिल्यांदा मांडणार. वकिलांना चौकशीच्या दिवशी कळलं तर त्या तुम्हाला मदत करू शकत नाहीत. वरिष्ठाला दुखवायला नको म्हणून हसून वेळ मारून नेणं हे समितीवर बसलेल्या माणसांना नवीन नसतं. लपवलेलं मात्र खुपतं.

तुम्ही त्यांना जे सांगाल ते गुप्त राहतं. अजून फी दिली नसली, वकीलपत्रावर सही केली नसली तरी.

फोनबद्दल: निवडक स्क्रीनशॉट पुरत नाहीत. पूर्ण संभाषण वरपासून खालपर्यंत, नंबर आणि तारीख दिसतील असं. त्याची प्रिंट न्या, आणि मूळ फोनही न्या. त्या चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू नाही ना, ते आजच बघा. फोन बदलू नका, रिसेट करू नका, त्या माणसाला ब्लॉक करायचं असेल तर करा, पण चॅट पुसू नका. प्रकरण पुढे पोलिसांत किंवा कोर्टात गेलं तर या मेसेजांसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी लागतो. समितीपुढे एवढा काटेकोरपणा नसतो.

---

सुलभा_कुलकर्णी – १५ जानेवारी, सकाळी ११:२०

मी घरकामगार आणि छोट्या दुकानांतल्या बायकांसोबत काम करते. इथे सगळं कंपनीवाल्यांचं चाललंय म्हणून दोन गोष्टी. जिथे दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. आमच्या बायकांना ही समिती आहे हेच कोणी सांगत नाही.

दुसरं, बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १५१०० वर फोनही करता येतो. गोदाकाठ, शनिवारच्या बाईंची फी झेपली नाही तर हा रस्ता उघडा आहे.

---

प्रभाकर_देव – १५ जानेवारी, दुपारी १२:४५

कंपनीत अंतर्गत समितीच्या नेमणुकीचा आदेश लावलेला असतो, कँटीनजवळ किंवा गेटवर. त्याचा फोटो काढून वकिलांकडे न्या. अध्यक्ष बाई वरिष्ठ पदावरची आहे का, बाहेरची सदस्य आहे का, निम्म्या तरी बायका आहेत का, आणि नेमणुकीला तीन वर्षं उलटून गेली आहेत का, हे बघा. समिती नीट नेमलेली नसेल तर नंतर सगळं ढासळतं. हे मी माझ्या नोकरीत घडताना पाहिलं आहे.

---

गोदाकाठ – १५ जानेवारी, रात्री ९:१५

फोटो काढला. अध्यक्ष आमच्याच विभागप्रमुखांना रिपोर्ट करतात. आणि जे मी आधी लिहिलं नव्हतं ते आता सांगते, विभागप्रमुख मालकांचे मेहुणे आहेत. मग हे 'मालकाविरुद्ध' धरायचं का? सरळ कलेक्टर ऑफिसला जाऊ का?

---

सुलभा_कुलकर्णी – १५ जानेवारी, रात्री ९:५०

माझ्या मते सरळ स्थानिक समितीकडे जा. मेहुण्याची चौकशी त्याच्या हाताखालची बाई कशी करणार? तुम्ही आत शिरलात की दबाव सुरू होईल.

---

मुक्ता_वकील – १५ जानेवारी, रात्री १०:३०

सुलभाताई, तुमची काळजी रास्त आहे, पण मी असा सल्ला देणार नाही. कायद्यात मालक म्हणजे फक्त शेअर असलेला माणूस नाही, त्या जागेचं व्यवस्थापन आणि नियंत्रण ज्याच्याकडे आहे तोही त्यात येऊ शकतो. विभागप्रमुख त्यात बसतो का, हे त्याच्या प्रत्यक्ष अधिकारांवर ठरेल. स्थानिक समितीने 'हे आमचं नाही' म्हणून महिनाभराने कागद परत केले तर २९ जानेवारी निघून गेलेली असेल. माझा कल असा की अंतर्गत समितीकडे मुदतीत तक्रार द्यायची, त्यातच अध्यक्षांबद्दलची हरकत लिहायची आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला नेमण्याची मागणी करायची. पण शनिवारच्या बाई कागद समोर ठेवून बघणार आहेत. हा प्रश्न तुमच्या यादीत पहिला लिहा.

बाकी प्रश्न थोडेच न्या, अर्धा तास आहे. समिती आणि पोलीस, दोन्हीकडे जाता येतं. भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाबद्दलचं कलम ७५ लागू पडेल, पण एफआयआर झाला की तो मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. आत्ता जायचं की समितीचा अहवाल आल्यावर, हे विचारा. अंतरिम मागणी काय करायची ते विचारा: चौकशी चालू असेपर्यंत तुमचं किंवा त्यांचं काम दुसरीकडे देणं, तुमचं अप्रेझल त्यांच्या हाती न ठेवणं, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, जी तुमच्या शिल्लक रजेतून जात नाही. हे लेखी मागावं लागतं, न मागता कोणी देत नाही. समेट हवा का असं कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून घ्या. समेट तुमच्या विनंतीवरच होऊ शकतो आणि पैसे घेऊन मिटवणं हा त्याचा पाया असू शकत नाही.

आणि एक प्रश्न जो कोणी विचारत नाही: 'समोरचा मला काय काय विचारेल, ते तुम्ही मला आज विचारून दाखवाल का?'

---

मनस्वी_पुणे – १५ जानेवारी, रात्री ११:१०

फीचं स्पष्ट विचारा, संकोच नको. तक्रारीचा मसुदा तपासण्याचे किती, पुढच्या प्रत्येक भेटीचे किती, अपील झालं तर वेगळे किती. 'मिळालेल्या भरपाईतले इतके टक्के' असं कोणी म्हणालं तर उठून या, वकिलांना तशी फी ठरवायची मुभाच नाही. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही नाही.

आणि राजीनामा देऊ नका. मला एचआरने 'तू शांतपणे निघ, आम्ही चांगलं पत्र देतो' म्हणत एक कागद पुढे केला होता, त्यात शेवटच्या ओळीत 'माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही' असं होतं. असा कागद तुमच्यापुढे आला तर फोटो काढा आणि वकिलांना दाखवा.

---

गोदाकाठ – १८ जानेवारी, दुपारी ४:००

काल जाऊन आले. बहीण बाहेर बसली होती.

बाईंनी पान वाचायला पाचेक मिनिटं घेतली आणि थेट प्रश्न सुरू केले, त्यामुळे वेळ पुरला. इमोजींबद्दल मी स्वतःहून सांगितलं. त्या म्हणाल्या की तक्रारीतच एक वाक्य घालू, 'ते माझे वरिष्ठ असल्याने सुरुवातीला मी थेट विरोध करू शकले नाही'. मग उलटतपासणीचे प्रश्न विचारून दाखवले. 'हॉटेलात तक्रार का केली नाही' याला मला उत्तरच सुचलं नाही, रडू आलं. त्यांनी थांबू दिलं आणि पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा नीट सांगता आलं.

मुदत त्यांनीही २९ जानेवारीच धरली. पोलिसांबद्दल म्हणाल्या, आत्ता थांबू, तीही मुदत वेगळी आहे आणि एवढी जवळ नाही. अध्यक्षांबद्दल त्यांचं मत थोडं वेगळं पडलं. अंतर्गत समितीला तक्रार द्यायची आणि त्याच दिवशी एक प्रत हरकतीसह जिल्हा अधिकाऱ्यांना पाठवायची, म्हणजे दोन्हीकडे तारीख पडते. अशाने समिती नाराज होईल का, याची मला अजून धाकधूक आहे.

मसुदा मी लिहायचा, त्या तपासणार. फी झेपेल अशी आहे.

---

मुक्ता_वकील – १८ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

त्यांनी कागद बघून ठरवलंय, त्यांचंच ऐका. दोन्हीकडे पाठवल्याने गोंधळ होतो असं माझं मत आहे, पण मुदतीच्या बाजूने ते सुरक्षित आहे हे खरं.

समितीने घाई केली तर तेही नोंदवत जा. गोवा विद्यापीठातलं २००९ चं एक प्रकरण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा चौकशीला पाठवलं, कारण समितीने शेवटी शेवटी घाई करून समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नव्हती. अशा घाईत तक्रार करणाऱ्या मुलींची वर्षं जातात. समोरच्याला उत्तर द्यायला आणि कागद बघायला पुरेसा वेळ मिळाला, हे तुमच्याही फायद्याचं असतं.

---

प्रभाकर_देव – १८ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

तक्रारीच्या किती प्रती द्यायच्या? आमच्या वेळी एकच घेत असू.

---

मुक्ता_वकील – १८ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

सहा, पुराव्याचे कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. त्यातली एक सात कामाच्या दिवसांत समोरच्याला जाते. स्वतःसाठी सातवी करा आणि तिच्यावर तारीख घालून पोच घ्या. घ्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी अध्यक्षांना ईमेल करा आणि स्पीड पोस्टही. २९ ला नको, २३ ला शुक्रवार आहे, त्या दिवशी देऊन टाका. मध्ये शनिवार-रविवार आणि सोमवारी २६ जानेवारीची सुट्टी आहे.

---

गोदाकाठ – १८ जानेवारी, रात्री ८:०५

२३ लाच देते. साक्षीदारांत पार्टीत फोटो काढणाऱ्या मुलीचं नाव घालायचं आहे, ती घाबरली आहे. तिला न विचारता नाव घालावं का, की फक्त 'फोटो मागवा' असं लिहावं? कोणी केलंय का असं?

---

मनस्वी_पुणे – १८ जानेवारी, रात्री ८:५०

मी आधी विचारलं होतं, आणि दोघींपैकी एक नाही म्हणाली. तिचं नाव मी घातलं नाही. दुसरी आली, आणि समितीपुढे तिने फक्त जे पाहिलं तेवढंच सांगितलं. माझ्यासाठी ते पुरलं. तुमच्या प्रकरणात तो फोटो किती महत्त्वाचा आहे, हे बाईंना सोमवारी फोन करून विचारा, आणि त्याआधी तिच्यावर जोर टाकू नका.